छोट्या कॉइनमध्ये झटपट सौदे: आधी खर्च मोजा

क्रिप्टोच्या ॲपमध्ये कॉइनच्या नावापुढे ठळक अक्षरांत जो भाव दिसतो, त्या भावाला तुम्हाला बहुतेक वेळा ना खरेदी करता येते, ना विक्री. तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा भाव असतो. तो सौदा दुसऱ्या कोणाचा होता आणि तो होऊन गेला. तुमच्यासाठी त्या क्षणी दोन वेगळे भाव असतात: विकणारे ज्या भावाला द्यायला तयार आहेत तो आणि घेणारे ज्या भावाला घ्यायला तयार आहेत तो. पहिल्याला आस्क म्हणतात, दुसऱ्याला बिड. परकीय चलन बदलून देणाऱ्या दुकानाच्या फळ्यावर डॉलर विकण्याचा आणि घेण्याचा असे दोन दर लिहिलेले असतात, तसेच हे आहे. समोरच्या खिडकीत डॉलर घेऊन त्याच क्षणी परत केलेत, तर बाजार जागचा हललेला नसतानाही तुमचे पैसे कमी होतात. या दोन भावांतले अंतर म्हणजे स्प्रेड.

वर्षानुवर्षे गुंतवणूक ठेवणाऱ्याला हे अंतर फारसे जाणवत नाही, कारण ते एकदाच मोजावे लागते. स्कॅल्पिंग करणाऱ्याचे गणित वेगळे असते. तो काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत कॉइन हातात ठेवतो, अर्धा-एक किंवा फार तर दोन टक्क्यांची हालचाल पकडतो आणि दिवसात असे अनेक सौदे करतो. त्याला मिळणारी हालचाल आणि त्याला द्यावा लागणारा खर्च जवळजवळ एकाच मापाचे असतात. म्हणूनच छोट्या कॉइनवर स्कॅल्पिंग करायला निघालेल्याने तक्ता बघण्याआधी ऑर्डर बुक बघायला हवे, असे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात.

ऑर्डर बुक म्हणजे त्या क्षणी बाजारात लागलेल्या सगळ्या खरेदी आणि विक्रीच्या मागण्यांची यादी. समजण्यासाठी एक काल्पनिक कॉइन घेऊ. त्याचा भाव दहा रुपयांच्या आसपास आहे. विकणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात स्वस्त भाव १०.०४ रुपये आहे आणि त्या भावाला ६०० कॉइन उपलब्ध आहेत. त्यानंतर १०.०६ ला ५०० आणि १०.०९ ला ९००. घेणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात चढा भाव ९.९६ आहे आणि तिथे ७०० कॉइनची मागणी आहे. त्याखाली ९.९४ ला ५०० आणि ९.९० ला ८००. स्प्रेड आठ पैशांचा, म्हणजे मधल्या दहा रुपयांच्या भावावर ०.८ टक्के.

आता तुम्हाला वीस हजार रुपयांचा सौदा करायचा आहे, म्हणजे साधारण २००० कॉइन. मार्केट ऑर्डर टाकलीत की ती आधी १०.०४ चे ६०० कॉइन उचलते, मग १०.०६ चे ५००, मग १०.०९ चे ९००. एकूण लागतात २०,१३५ रुपये, सरासरी भाव पडतो १०.०७ च्या जवळ. त्याच क्षणी मन बदलून तुम्ही सगळे विकायला काढलेत तर ७०० कॉइन ९.९६ ला जातील, ५०० कॉइन ९.९४ ला आणि उरलेले ८०० कॉइन ९.९० ला. हातात येतात १९,८६२ रुपये. कॉइनचा भाव एक पैसाही हललेला नाही आणि २७३ रुपये गेले. पडद्यावर दिसणारा स्प्रेड ०.८ टक्के होता. तुमच्या रकमेला तो १.३६ टक्के पडला. हा जो जादा फटका बसतो त्याला स्लिपेज म्हणतात. तो तुमच्या ऑर्डरच्या आकारामुळे बसतो, म्हणून तो सगळ्यांना सारखा नसतो. त्याच बुकात फक्त ६०० कॉइन घेऊन विकले असते तर वरचेच भाव मिळाले असते आणि खर्च ०.८ टक्क्यावर थांबला असता.

यात एक्स्चेंजचे शुल्क मिळवा. शुल्क जागोजागी वेगळे असते; या उदाहरणात प्रत्येक बाजूला ०.२ टक्के धरू. आपल्याकडे त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ते ०.२३६ टक्के होते. खरेदी आणि विक्री मिळून साधारण ९४ रुपये. म्हणजे एका फेरीचा एकूण खर्च ३६७ रुपये, १.८४ टक्के.

हा आकडा छोटा वाटतो, पण तो यशाच्या प्रमाणात उतरवून पाहिला की खरा दिसतो. समजा तुमची पद्धत अशी आहे: मधला भाव दोन टक्के वर गेला की नफा घेऊन बाहेर, दोन टक्के खाली गेला की तोटा सोसून बाहेर. खर्च शून्य असता तर शंभरपैकी पन्नास सौदे बरोबर आले की तुम्ही ना नफ्यात, ना तोट्यात. आता जिंकलेल्या सौद्यात हातात उरतात ०.१६ टक्के आणि हरलेल्या सौद्यात जातात ३.८४ टक्के. निव्वळ बरोबरी साधायला शंभरपैकी ९६ सौदे जिंकावे लागतील. हेच गणित स्प्रेड नगण्य असलेल्या मोठ्या कॉइनवर, त्याच शुल्काने केले तर आकडा ६२ वर येतो. पद्धत तीच आहे आणि माणूसही तोच. छोट्या कॉइनवर फक्त ६०० कॉइनचा सौदा केला तरी ८२ लागतात. शंभरपैकी ८२ वेळा बाजाराची दिशा ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

हे अंतर छोट्या कॉइनवर इतके का असते, हे समजले की ते कधी वाढेल याचाही अंदाज येतो. अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड डेमसेट्झ यांनी १९६८ साली न्यूयॉर्क शेअर बाजाराचा अभ्यास करून दाखवले, की ज्या शेअरमध्ये उलाढाल जास्त त्याचा स्प्रेड कमी असतो. दोन्ही बाजूंना भाव लावून बसणाऱ्याला, ज्याला मार्केट मेकर म्हणतात, घेतलेला माल विकला जाईपर्यंत हातात ठेवावा लागतो. गिऱ्हाइकांची वर्दळ असेल तर तो मिनिटाभरात निघतो, नसेल तर तासभर पडून राहतो आणि तेवढ्या वेळात भाव कोसळू शकतो. त्या जोखमीची किंमत तो स्प्रेडमध्ये लावतो. पुढे १९८५ साली लॉरेन्स ग्लोस्टेन आणि पॉल मिलग्रोम यांनी दुसरे कारण मांडले. समोरून येणाऱ्यांपैकी काहींना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे, ही भीती मार्केट मेकरला असते. अशा लोकांशी केलेल्या सौद्यांत त्याचा तोटाच होतो, आणि तो भरून काढायला तो सगळ्यांकडून जास्त अंतर घेतो. छोट्या कॉइनमध्ये हे दुसरे कारण फार जड आहे. कॉइन काढणाऱ्या चमूकडे मोठा साठा असतो, कोणत्या एक्स्चेंजवर तो नव्याने दाखल होणार हे मोजक्यांना आधी माहीत असते आणि कुलूपबंद साठा कधी मोकळा होऊन विक्रीला येणार हे सामान्य गिऱ्हाईक सहसा पाहतच नाही.

तिसरे कारण अगदी यांत्रिक आहे आणि म्हणूनच नजरेतून सुटते. प्रत्येक कॉइनच्या भावाला एक्स्चेंजने किमान पायरी ठरवून दिलेली असते, तिला टिक म्हणतात. समजा एखाद्या कॉइनचा भाव साडेबारा पैसे आहे आणि पायरी एक दशांश पैशाची. दोन्ही बाजूंचे भाव एकमेकांना अगदी खेटून असले तरी अंतर ०.८ टक्क्याखाली जाऊच शकत नाही. 'स्वस्त' म्हणून पैशा-दोन पैशांचे कॉइन पसंत करणाऱ्यांनी ही पायरी आधी तपासावी. एका रुपयात किती कॉइन येतात याचा खर्चाशी काही संबंध नाही. पायरी भावाच्या किती टक्के आहे, याचा आहे.

यावर बहुतेक स्कॅल्पर एक तोड सांगतात: मार्केट ऑर्डर टाकूच नका, लिमिट ऑर्डर लावा. ९.९६ ला खरेदी लावायची, १०.०४ ला विक्री लावायची, मग स्प्रेड आपल्याला द्यावा लागत नाही, उलट तो आपल्याला मिळतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी बुकात ऑर्डर लावून थांबणाऱ्याला शुल्कही थोडे कमी असते. कागदावर हे बरोबर आहे, पण प्रत्यक्षात ऑर्डर कधी भरली जाते ते पाहा. ९.९६ ची तुमची खरेदी पूर्ण होते ती कोणीतरी तिथपर्यंत विकत आले म्हणून. भाव वर निघाला असेल तर तुमची ऑर्डर मागे राहते आणि ज्या सौद्यात नफा झाला असता तो सौदाच होत नाही. भाव घसरत असेल तर ती हमखास भरली जाते, कारण तेव्हा विकणारे भराभर खाली उतरत असतात. म्हणजे तुमच्या हाती वाईट सौदे जास्त आणि चांगले कमी लागतात. ग्लोस्टेन आणि मिलग्रोम यांनी मार्केट मेकरची जी अडचण मांडली, ती लिमिट ऑर्डर लावताच तुमची होते. फरक इतकाच, की त्याच्याकडे सेकंदाच्या अंशात ऑर्डर मागे घेणारा संगणक असतो आणि तुमच्याकडे अंगठा. त्यातच एका भावाला आधी लागलेली ऑर्डर आधी भरली जाते. तुम्ही रांगेत मागे असलात तर तुमचा नंबर बहुधा तेव्हाच लागतो, जेव्हा तो भाव तुटायला आलेला असतो.

म्हणून लिमिट ऑर्डरने खर्च शून्य झाला असे धरू नये. खरेदी लागल्यावर पाच मिनिटांनी मधला भाव कुठे होता, हे प्रत्येक सौद्यापुढे लिहून ठेवा. पन्नासेक सौद्यांच्या नोंदीत तो बहुतेक वेळा तुमच्या खरेदीच्या खाली दिसत असेल, तर वाचवलेला स्प्रेड तुम्ही दुसऱ्या वाटेने भरत आहात.

बाहेर पडताना तर लिमिटचा आधारही सुटतो. तोटा रोखायला लावलेला स्टॉप लॉस बहुतेक वेळा ठरलेला भाव लागताच मार्केट ऑर्डर होऊन बाजारात जातो. आपल्या उदाहरणात ९.८० ला स्टॉप लावला आहे असे समजा. भाव तिथे पोहोचतो तो घेणारे मागे हटले म्हणूनच, त्यामुळे त्या क्षणी बुकाची खरेदीची बाजू नेमकी रिकामी असते. ९.८० ला शे-दोनशे कॉइन, मग एकदम ९.६५ आणि ९.५०. दोन टक्के ठरवलेला तोटा चार-पाच टक्क्यांवर जातो. स्टॉपला लिमिट जोडली तर दुसरा धोका उभा राहतो: भाव तुमच्या लिमिटखालून निसटतो, ऑर्डर तशीच लटकते आणि कॉइन तुमच्याकडेच राहतो. पातळ बुकात या दोहोंपैकी एक पत्करावेच लागते.

बुक पातळ आहे की नाही हे ओळखण्यासाठी लोक चोवीस तासांच्या उलाढालीचा आकडा पाहतात. त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या अमेरिकी कंपनीने तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनपुढे एक अहवाल ठेवला. ८१ एक्स्चेंजांचा अभ्यास करून तिने म्हटले, की बिटकॉइनची जाहीर होणारी सुमारे ९५ टक्के उलाढाल खोटी किंवा निरर्थक आहे. तिने पुरावा म्हणून स्प्रेडच वापरला होता. बिटकॉइन चार हजार डॉलरच्या आसपास असताना कॉइनबेस प्रोवर दोन भावांतले अंतर एक सेंट होते, आणि त्याहून किती तरी जास्त उलाढाल दाखवणाऱ्या एका एक्स्चेंजवर ते ३४.७४ डॉलर होते. खरोखर एवढे घेणारे-विकणारे असते तर त्या फटीत शिरून भाव लावणारे शेकडो निघाले असते. बिटकॉइनची ही गत, तर छोट्या कॉइनचे काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याचे उत्तर दिले. तिने स्वतःच एक टोकन तयार केले होते आणि त्याची खोटी उलाढाल करून देणाऱ्यांना जाळ्यात ओढले. त्या प्रकरणात मॅसॅच्युसेट्समध्ये १८ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले गेले. पैसे घेऊन कॉइनची उलाढाल फुगवून देणे हा काहींचा धंदाच होता.

ही लबाडी ओळखण्याची साधी खूण आहे. झालेल्या सौद्यांची यादी आणि ऑर्डर बुक शेजारी ठेवून दहा मिनिटे पाहा. सौदे सतत दोन भावांच्या मधल्या रिकाम्या जागेत होत असतील, त्यानंतर बुकातल्या आकड्यांत घट दिसत नसेल, तर तुम्हाला ज्यांच्याशी सौदा करायचा आहे ती माणसे तिथे नाहीत. उलाढाल मोठी पण अंतर रुंद, हे दोन्ही एकत्र दिसले की तो कॉइन सोडून द्यावा.

काही ॲप 'शून्य शुल्क' किंवा 'लगेच खरेदी' म्हणतात, तिथे ऑर्डर बुक दिसतच नाही. एकच बटण आणि एकच भाव. अशा ठिकाणी खर्च त्या भावातच मिसळलेला असतो. तो काढायला खरेदीचा आणि विक्रीचा भाव लागोपाठ उघडून दोन्ही लिहून घ्या. अंतर भागिले मधला भाव, गुणिले शंभर. सूत्र तेच आहे.

भारतात राहून हे करणाऱ्याला आणखी एक थर मोजावा लागतो, आणि तो स्कॅल्पिंगसाठी सगळ्यात जाचक आहे. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. हा पैसा बुडत नाही. विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तो तुमच्या भांडवलातून बाहेर गेलेला असतो. सगळे भांडवल दरवेळी फिरवले आणि भावात काहीच नफा-तोटा झाला नाही असे धरले, तरी ६९ विक्रींनंतर हातात निम्मीच रक्कम उरते. स्कॅल्पर ६९ विक्री आठवड्याभरात करतो. रुपयाऐवजी यूएसडीटीच्या जोडीत सौदा केला, तर खरेदी करतानाही तुम्ही एक क्रिप्टो देऊन दुसरा घेत असता, त्यामुळे कपात दोन्ही वेळा होते.

आणि नफ्यावरचा कर. २०२२-२३ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर आहे, म्हणजे ३१.२ टक्के. त्यातून कॉइनची खरेदी किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही. एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्यातल्या नफ्यातून वळता होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. आपल्या उदाहरणातले शंभर सौदे घ्या. साठ जिंकले, चाळीस हरले आणि स्प्रेड जाऊन प्रत्येक सौद्यात सरासरी ३०० रुपयांचा फायदा किंवा तोटा झाला. भावातून मिळाले ६,००० रुपये. शुल्क आणि जीएसटी गेले सुमारे ९,४००. कर मात्र ६,००० वर बसत नाही. साठ जिंकलेल्या सौद्यांच्या १८,००० रुपयांवर तो ५,६१६ रुपये बसतो. शंभरपैकी साठ वेळा बरोबर येणारा, म्हणजे खरोखर चांगला स्कॅल्पर नऊ हजार रुपयांनी तोट्यात जातो.

छोट्या कॉइनकडे आकर्षित होणाऱ्या तरुणांना मला एवढेच सांगायचे आहे, की एक आठवडा सौदा न करता फक्त नोंदी ठेवा. ज्या वेळी सौदे करायचा विचार आहे त्याच वेळी, दिवसातून चार-पाच वेळा, आपल्या रकमेइतके कॉइन बुकातून घेऊन परत विकले तर किती कमी होतील ते कागदावर मांडा. रात्री उशिरा आणि एखादी मोठी बातमी आल्यावर आवर्जून पाहा, कारण मार्केट मेकर भाव मागे घेतात ते तेव्हाच. मग त्यात शुल्क मिळवा. एक सौदा अगदी लहान रकमेचा प्रत्यक्ष करून कागदावरचा आकडा पडताळा. हा एकूण खर्च तुम्ही पकडू पाहत असलेल्या हालचालीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त निघाला, तर त्या कॉइनवर स्कॅल्पिंग करू नका. पाचवा हिस्सा हा माझा ठोकताळा आहे. कोणी चौथा धरेल, कोणी सहावा. आपल्या उदाहरणातला कॉइन मात्र यांपैकी कोणत्याच मापात बसत नाही. आणि एक टक्का टीडीएस व तोटा वळता न करण्याचा नियम कायम आहे तोपर्यंत, भारतात रुपयाच्या जोडीत छोट्या कॉइनचे स्कॅल्पिंग सामान्य माणसाला परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.